मेलच्या खालचा नवा फुटर, एकदा बघून घ्या

ताई, अर्धं पान खाणारा तो फुटर छाटला, आता एवढाच राहिलाय:

> दौतटाक, हातकागदाच्या वह्या. दुसरा मजला, पेरूगेटजवळ, सदाशिव पेठ, पुणे 411030
> वही घेताना तुम्ही ‘नवीन मालाची मेल पाठवा’ वर टिक केलं होतं, म्हणून ही मेल आली.
> नको असेल तर अनसबस्क्राईब करा. एका क्लिकमध्ये बंद, कारण विचारणार नाही.
> कागद हाताने केलेला आहे, रंग फोटोपेक्षा थोडा फिका-गडद येतो. ऑफर माल असेपर्यंत.

‘ही मेल गोपनीय असून चुकून मिळाल्यास नष्ट करावी’ हा पूर्ण पॅरा उडवला. दिवाळी सेलची जाहिरात आपणच सगळ्या यादीला पाठवतो आणि वर गोपनीय म्हणतो, वाचणारा हसेल नाहीतर काय. व्हायरसची जबाबदारी नाही वालं आणि झाडं वाचवा, प्रिंट काढू नका हेही गेलं (कागद विकणाऱ्यांनीच ते लिहायचं म्हणजे कमालच होती).

पत्ता मात्र काढता येणार नाही, तुम्ही म्हणाला होतात तरी. न्यू जर्सीची गिऱ्हाईकं आहेत ना आपली, आणि अमेरिकेचा 2003 चा कॅन-स्पॅम कायदा जाहिरातीच्या मेलमध्ये खरा टपालाचा पत्ता मागतो. म्हणून घरचा न देता दुकानाचा टाकलाय. आपली प्रोप्रायटरशिप आहे त्यामुळे सीआयएन वगैरे नाही, कंपनी असती तर तेही आलं असतं.

खरी गडबड अनसबस्क्राईबमध्ये होती. जुन्यात लिहिलं होतं की नाव आणि मोबाईल नंबर टाकून रिप्लाय करा, पंधरा दिवसांत काढू. त्याच कायद्यात ईमेल आयडीपलीकडे काही मागायचं नाही आणि 10 कामाच्या दिवसांत नाव काढायचं, आणि लिंक मेल गेल्यावर निदान 30 दिवस चालू पाहिजे. आपल्याकडचा 2023 चा डेटा कायदापण हेच म्हणतो, संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. टिक एका क्लिकची, मग काढणंही एका क्लिकचं.

ती लिंक राखाडी, बारीक अक्षरात नका करू प्लीज, डिझायनर म्हणेल तरी. सापडली नाही की लोक सरळ स्पॅमचं बटण दाबतात आणि मग आपली मेल बाकीच्यांच्याही इनबॉक्सला पोचत नाही. जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून दिवसाला 5000 च्या वर पाठवणाऱ्यांना एका क्लिकची सोय सक्तीची केलीये, आपण तेवढे नाही पण `List-Unsubscribe` हेडर चालू करून ठेवलाय, त्याने वरतीच बटण दिसतं.

रंगाची ओळ मी हट्टाने ठेवलीये, निळ्या वह्यांवरून गेल्या महिन्यात किती फोन आले आठवतंय ना.

शुक्रवारी दसऱ्याची मेल जायचीये, तुम्ही हो म्हणालात की टेम्प्लेटमध्ये टाकते.