सात मजले चढू या : मोजणीचं गाणं (व्हिडिओची संहिता)

दीड ते तीन वर्षांच्या बाळांसाठी. आवाज दोनच, आजीचा आणि बाळाचा. लय पाळण्याची, मिनिटाला साठ ठोके, त्याहून एकही जास्त नको. साथीला टाळ आणि खंजिरी, बाकी काही नाही. पडद्यावर एका वेळी एकच रंगाची पार्श्वभूमी आणि मोजायची तेवढीच वस्तू. अक्षरं नकोत, फक्त देवनागरी आकडा मोठा दिसू दे.

मोजणी दहापर्यंत नेलेली नाही. आपली इंदूरची पोरं सातापर्यंत चढतील, कारण राजवाड्याला मजले सात. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी असल्यामुळे एक, तीन, चार, सात त्यांना आपोआप येतात. अडतं ते दोनाशी आणि सहाशी. ‘दो’ आणि ‘छह’ तोंडात आधीच बसलेले असतात. म्हणून ही दोन कडवी सगळ्यात सावकाश गायची.

सुरुवात

(फिकट निळं आकाश. खालून दोन गुबगुबीत हात वर येतात, मुठी मिटलेल्या.)

आजी: चला चला मोजू या,
(मुठी हलतात.)
बोटं बाहेर काढू या!
(बोटं एकेक करून उघडतात, प्रत्येक बोटाला टाळेचा एक ठोका.)
हळू हळू, हळू हळू,
(गोगलगाय या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. जाऊ द्या, घाई नाही.)
एक एक मोजू या!

१

(पिवळी पार्श्वभूमी. बडा गणपती, शेंदरी आणि पडदाभर. उंदीर काढू नका, नाहीतर बाळ ‘दोन’ म्हणणार आणि बरोबरच म्हणणार.)

एक बाप्पा, मोठ्ठा बाप्पा,
(बाप्पा सोंड हलवतो.)
मारतो माझ्याशी गप्पा!
(बाप्पा कान हलवतो, बाळ खुदकन हसतं.)

आजी: बाप्पा किती?
(तीन ठोके शांतता. आकडा अजून येत नाही.)
बाळ: एक!
(१ हळूच उमलतो.)

पुन्हा, आणखी सावकाश:
एऽक बाप्पा, मोठ्ठा बाप्पा,
मारतो माझ्याशी गप्पा!

२

(पांढरी ताटली, हिरवी पार्श्वभूमी. पोह्यांवर शेव, डाळिंबाचे दाणे. ताटलीची दुसरी बाजू रिकामी.)

दोन जिलब्या गोड गोड,
(पहिली जिलबी वरून अलगद उतरते, थांबते. मग दुसरी.)
पोह्यांसंगे त्यांची जोड!
(दोन्ही जिलब्या पोह्यांना चिकटून बसतात.)

आजी, बोट ठेवत: एक… दोन्‌न्‌न्‌.
(‘न’ वर टाळ वाजते आणि तिचा नाद सरेपर्यंत आजी ‘न’ धरून ठेवते. ‘दो’ म्हणून सोडायचं नाही, हेच या कडव्याचं काम.)

आजी: जिलब्या किती?
(चार ठोके शांतता. इथे एक ठोका जास्त.)
बाळ: दोन!
(२ उमलतो.)

पुन्हा:
दोऽन जिलब्या गोड गोड,
पोह्यांसंगे त्यांची जोड!

आणि तिसऱ्यांदा, फक्त पहिली ओळ, आजी मध्ये थांबते:
… जिलब्या गोड गोड.
(रिकाम्या जागेत घरातलं बाळ म्हणेल. म्हटलं नाही तरी टाळ वाजतेच.)

३

(राखाडी रस्ता, गुलाबी आकाश. रिक्षा अगदी बाजूने काढली तर चाकं दोनच दिसतात, मग सगळं मुसळ केरात. जरा वरून आणि पुढून काढा, तिन्ही चाकं वेगळी दिसू द्या. तिन्हींना लाल रंग.)

तीन चाकं गरगर,
(पहिलं फिरतं, मग दुसरं, मग तिसरं.)
रिक्षा निघाली भरभर!
(पण रिक्षा मात्र हळूच निघते.)

आजी: एक… दोन… तीन. चाकं किती?
बाळ: तीन!

पुन्हा:
तीऽन चाकं गरगर,
रिक्षा निघाली भरभर!

४

(तपकिरी गाय, हिरवं गवत. चारही पाय सुटे सुटे.)

चार पाय गाईचे,
(टप, टप, टप, टप.)
वासराच्या आईचे!
(वासरू पडद्याबाहेरून नुसतं हंबरतं, दिसत नाही. त्याचे पाय मोजायला लागले तर आठ होतील.)

आजी: पाय किती?
बाळ: चार!

पुन्हा:
चाऽर पाय गाईचे,
वासराच्या आईचे!

५

(पुन्हा तेच गुबगुबीत हात, पण आता एकच. केशरी पार्श्वभूमी.)

पाच बोटं हाताची,
(करंगळीपासून सुरुवात, अंगठा शेवटी. प्रत्येक बोट वाकून नमस्कार करतं.)
मूद मोडू भाताची!
(पांढऱ्या भाताची मूद, वर वरणाचा पिवळा ओघळ. हात अलगद मूद मोडतो.)

आजी: एक… दोन… तीन… चार… पाच. बोटं किती?
बाळ: पाच!

पुन्हा:
पाऽच बोटं हाताची,
मूद मोडू भाताची!

६

(जांभळी पार्श्वभूमी, टोपली. सहा कणसं, हिरव्या सालीत. आजीच्या मांडीवर चाळणी, बाजूला किसणी. कीस होणार हे मोठ्यांना कळेल, बाळाला नुसता रंग पुरे.)

सहा कणसं आणली,
(कणसं एकेक करून टोपलीतून बाहेर येतात.)
आजीने ती सोलली!
(प्रत्येक आकड्यावर एका कणसाची साल निघते, पिवळे दाणे दिसतात.)

आजी: एक… दोन… तीन… चार… पाच…
(इथे थांबा. पाच कणसं पिवळी, एक अजून हिरवं. बाळ ते बोटाने दाखवतं.)
आजी: स… हा!
(‘स’ वर साल अर्धी, ‘हा’ वर पूर्ण. ‘हा’ ला तोंड चांगलं उघडायचं, आजीचं दिसू दे.)

आजी: कणसं किती?
(चार ठोके.)
बाळ: सहा!

पुन्हा:
सऽहा कणसं आणली,
आजीने ती सोलली!

तिसऱ्यांदा:
… कणसं आणली.

७

(संध्याकाळचं निळं आकाश. राजवाडा समोरून. खालचे तीन मजले दगडाचे, राखाडी. वरचे चार लाकडाचे, तपकिरी. रंग बदलतो तिथे बाळाला थांबून पाहू द्या. खिडक्या सगळ्या अंधाऱ्या.)

सात मजले चढू या,
(बाळ खालच्या दारात उभं, वर पाहतं.)
राजवाडा पाहू या!
(आजी हात पुढे करते.)

आजी: पहिला! (खिडकीत दिवा लागतो, आत बाप्पा.)
दुसरा! (दोन जिलब्या.)
तिसरा! (रिक्षा, तीन चाकं. वर कशी गेली, ते विचारायचं नाही.)
चौथा! (गाय. इथून मजले लाकडाचे, पावलांचा आवाजही लाकडाचा.)
पाचवा! (पाच बोटं टाटा करतात.)
सहावा! (सहा कणसं.)
सातवा!
(सातव्या खिडकीत आजी आणि बाळ. खाली सगळ्या खिडक्या उजळलेल्या.)

आजी: मजले किती?
(चार ठोके.)
बाळ: सात!
(७ उमलतो.)

पुन्हा:
साऽत मजले चढू या,
राजवाडा पाहू या!

(दिवे वरून खाली एकेक मालवतात, सावकाश, आकडे न म्हणता. नुसती खंजिरी. शेवटचा बाप्पाचा दिवा तसाच राहतो.)

आजी, हळू: झालं गाणं.

(दोन ठोके.)

बाळ: परत!