स्नेहल, मनापासून अभिनंदन!

प्रिय स्नेहल,

लेखा विभागाची प्रमुख म्हणून तुझं नाव सकाळच्या मेलमध्ये वाचलं आणि तडक उठून तुझ्या टेबलापाशी आलो. तू मीटिंगमध्ये होतीस, म्हणून ही चिठ्ठी.

वर्षअखेरीला ताळेबंद जुळत नव्हता, ती रात्र मी विसरलेलो नाही. चूक नव्या मुलाची होती. तू त्याला शेजारी बसवून एकेक व्हाउचर तपासलंस, साडेनऊ वाजेपर्यंत. साहेबांसमोर मात्र त्याचं नावही काढलं नाहीस. आज तोच ती सगळी पडताळणी एकट्यानं करतो! माझ्या मते ही बढती तुला तेव्हाच मिळायला हवी होती.

फार आनंद झालाय. उद्या दुपारी जेवायला एकत्र बसू, सगळं सविस्तर ऐकायचंय.

तुझा,
निखिल