प्रसंग ओळखा, म्हण सापडेल

मराठी विभागाचे भित्तिपत्रक | ३० सप्टेंबर, आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन

बायबल लॅटिनमध्ये आणणारे संत जेरोम ४२० साली ३० सप्टेंबरला वारले. म्हणून जगभरचे अनुवादक हा दिवस पाळतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये त्याला मान्यता दिली.

परकी म्हण समोर आली की शब्दाला शब्द जोडत बसू नका. आधी विचारा: हे कोण कुणाला म्हणतंय, आणि कशावरून? मग तशीच वेळ आपल्या घरात, शेतात, कट्ट्यावर आली तर काय म्हणतात ते आठवा.

---

घोडा पळाला, बैल गेला

इंग्रजीत म्हणतात, घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावलं. मराठीत हे वाक्य असंच्या असं लिहिलं तर अर्थ कळतो, पण कुणी तसं बोलत नाही. आपल्याकडे तयार म्हण आहे: बैल गेला अन् झोपा केला.

इथला ‘झोपा’ म्हणजे झोप नव्हे. गोठ्याच्या तोंडाशी लावायचं काटक्याकुडांचं दार म्हणजे झोपा. बैल गेल्यावर ते दार बांधून उपयोग काय? जनावर वेगळं, दार वेगळं, पण प्रसंग तंतोतंत तोच.

> — चोरी झाल्यावर सोसायटीनं गेटवर कॅमेरे बसवले.
> — म्हणजे बैल गेला अन् झोपा केला!

वरातीमागून घोडे ही म्हण याच्या शेजारची, पण नेमकी हीच नाही. तिच्यात उशीर आहे, नुकसान असेलच असं नाही. परीक्षा संपल्यावर प्रश्नसंच हाती आला तर वरातीमागून घोडे. बैलाची म्हण काहीतरी गमावलेलं असेल तेव्हाच वापरा.

---

हात, पाय, डोळे: इथे सर्वांत जास्त घसरतो

अवयव दोन्ही भाषांत तेच असतात, म्हणून शब्दशः अनुवाद बिनधोक वाटतो. खरा धोका तिथेच आहे.

‘पुलिंग माय लेग’ म्हणजे गंमत करणं. मराठीत पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं. मैत्रीतल्या थट्टेचं एका शब्दात वैर होतं. लिहा: फिरकी घेणे.
> “घाबरू नकोस गं, दादा तुझी फिरकी घेतोय.”

‘कोल्ड फीट’ म्हणजे ठरवलेल्या गोष्टीतून ऐनवेळी धीर सुटणं. आपले हातपाय गार पडतात ते अचानक भीतीनं, फोनवर अपघाताची बातमी आली की. म्हणून इथे कच खाणे.
> “स्टेजच्या पायरीपर्यंत आला आणि तिथे कच खाल्ली.”

‘हँड टू माउथ’ला हातावर पोट असणे. या तीन शब्दांत रोजची मजुरी, साठवण शून्य आणि काम बुडालं तर चूल बंद, हे सगळं आलं. ‘हातातोंडाची गाठ पडणे’सुद्धा चालेल, पण पहिलं जास्त बोललं जातं.

‘टर्न अ ब्लाइंड आय’ला दोन शब्द आहेत. लक्ष न देता दुर्लक्ष केलं की कानाडोळा. चूक दिसत असून मुद्दाम सोडून दिली की डोळेझाक. बातमीत साहेबांनी बेकायदा बांधकामाकडे केली ती डोळेझाक.

हिंदीतलं ‘आँखें चुराना’ मराठीत ‘डोळे चोरणे’ होत नाही, नजर चुकवणे होतं. ‘जी चुराना’साठी अंग चोरणे.

---

हिंदी जवळची, म्हणून जास्त सावध

*जल में रहकर मगर से बैर* → पाण्यात राहून माशाशी वैर. मराठी म्हणीत मगर नाही. जाहिरातीत ‘मगरीशी वैर’ वाचलं की मजकूर हिंदीतून उचललाय हे लगेच कळतं.

*अंधों में काना राजा* → वासरांत लंगडी गाय शहाणी

*अधजल गगरी छलकत जाय* → उथळ पाण्याला खळखळाट फार

*उल्टा चोर कोतवाल को डाँटे* → चोराच्या उलट्या बोंबा

*चोर की दाढ़ी में तिनका* → चोराच्या मनात चांदणे

*आगे कुआँ पीछे खाई* → इकडे आड तिकडे विहीर

*ईद का चाँद होना* → उंबराचे फूल होणे. हा आमचा सर्वांत आवडता. उंबराची फुलं फळाच्या आत असतात, बाहेरून कधी दिसतच नाहीत. फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला म्हणा, “काय रे, उंबराचं फूल झालास की!” लक्षात ठेवा, हे माणसाबद्दल. क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे ‘वन्स इन अ ब्लू मून’साठी, सठीसहामासी.
> “हॉटेलात आम्ही सठीसहामासी जातो.”

---

अर्थ जुळला, सूर जुळला का?

‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ हा चांगला सल्ला आहे: वेळ साधा. त्यावर चटकन सुचतं पोळी भाजून घेणे. पण मराठीत ‘त्यानं आपली पोळी भाजून घेतली’ म्हटलं की माणूस स्वार्थी ठरला. शिक्षक विद्यार्थ्याला देतात त्या सल्ल्यात ही पोळी नको. “संधी आहे तोवर काम उरकून घे” एवढं पुरे. ‘वाहत्या गंगेत हात धुणे’लाही हाच वास आहे.

मरणाबद्दलचे शब्द फार जपून. ‘किक द बकेट’ उडवून बोलायचा शब्द आहे, म्हणून कथेतल्या टवाळ पात्राच्या तोंडी गचकला शोभतं. तोच माणूस शेजारच्या आजोबांबद्दल बोलेल तेव्हा “आजोबा गेले” म्हणेल. पात्र कोण, समोर कोण, हे पाहिल्याशिवाय शब्द उचलू नका.

---

बाहेरून आले आणि इथलेच झाले

एका दगडात दोन पक्षी, कोल्ह्याला द्राक्षे आंबट, नक्राश्रू ढाळणे. यांची रूपं इतर भाषांतही सापडतात. पण मराठीत ती रुळली आहेत, आजीसुद्धा वापरते. ती बिनदिक्कत वापरा. नवा शब्दशः अनुवाद मात्र आपण एकट्यानं रुजवायला जाऊ नये.

---

जोडीदार नसेल तर?

सरळ सांगा. न्यूकासल हे इंग्लंडमधलं पूर्वी कोळसा बाहेर पाठवणारं बंदर, म्हणून ‘न्यूकासलला कोळसा नेणे’. हिंदीनं याला छान जोड दिली आहे: *उल्टे बाँस बरेली को*, कारण बरेली बांबूसाठी प्रसिद्ध. मराठीत इतकी नेमकी म्हण आम्हाला सापडली नाही. ओढूनताणून ‘नाशिकला द्राक्षं नेणे’ घडवण्यापेक्षा “जिथे मुळातच रेलचेल आहे तिथे आणखी कशाला नेतोस?” हे बरं.

‘ब्रेक अ लेग’ या शुभेच्छेचंही तसंच. नाटकाच्या पहिल्या अंकाआधी मित्राला पाय मोडायला सांगू नका. “जोरात होऊ दे!” म्हणा.

---

आता तुमची पाळी

१. बर्निंग द मिडनाइट ऑइल
२. अ बर्ड इन द हँड इज वर्थ टू इन द बुश
३. दूर के ढोल सुहावने
४. भैंस के आगे बीन बजाना
५. टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ

नुसती म्हण लिहू नका. कोण कुणाला म्हणतंय ते दाखवणारा दोन ओळींचा संवाद लिहा आणि चिठ्ठी खालच्या मोकळ्या जागेत टाचणीनं लावा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी, घरात जे बोलता ते चालेल. गावाचं नाव मात्र लिहा. अडलात तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश ग्रंथालयात संदर्भ विभागात आहे, पण आधी घरी विचारा. शनिवारी दुपारच्या सुट्टीत सगळ्या चिठ्ठ्या इथेच मोठ्यानं वाचू.

— तृतीय वर्ष कला, मराठी