विषय: अमोल आणि त्याची कॉफी

प्रिय स्वातीताई,

व्हॉट्सअ‍ॅपवर मुद्दाम लिहीत नाहीये. एक तर तिथे माझं अर्धं सांगून होतं न होतं तोच तू हसायला लागतेस, आणि दुसरं म्हणजे आई रोज रात्री माझाच फोन घेऊन फॅमिली ग्रुपवरचे फोटो बघत बसते. तेव्हा ई-मेल. निवांत वाच, लांबलचक आहे.

परवा फोनवर तू "काय गं, नवीन काय?" विचारलंस आणि मी "काही नाही" म्हटलं. काही नाही असं नाहीये. पण काही आहे असं छातीठोकपणे सांगताही येत नाही, सगळी पंचाईत तिथेच आहे.

अमोल आठवतोय? जुन्या ऑफिसातला. महिनाअखेरीला पगाराचं सॉफ्टवेअर हटकून बंद पडायचं आणि मग आम्ही ज्याला शोधत फिरायचो तो. शांत, उंच, चष्मा. माझ्या घटस्फोटाच्या तारखा चालू होत्या तेव्हा मी अर्ध्या दिवसाच्या रजा टाकायचे, तर सगळ्यांनी खोदून खोदून विचारलं, यानं नाही. गेल्या गणपतीत त्यानं नोकरी सोडली, जानेवारीत मीही सोडली. संपलं, असं मला वाटलं होतं. ऑफिसातली ओळख ऑफिसबरोबरच जाते, आपलं ओळखपत्र जमा करतो तशी.

पण फेब्रुवारीत मेसेज आला: "कोथरूडला येतोय, कॉफी?" मी गेले. पुन्हा आला, पुन्हा गेले. आता हे दर दोन-तीन आठवड्यांनी चालू असतं. आणि ताई, हा राहतो खराडीला! तू पुणं सोडून बरीच वर्षं झाली म्हणून सांगते, खराडीचा माणूस सहज म्हणून कोथरूडला येत नाही. आता मेट्रो आहे म्हणा, पण तीही रामवाडीपासून वनाजपर्यंत, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिवाय खराडीहून रामवाडीपर्यंत रिक्षा. एवढं करून हा येतो आणि कारण काय देतो? "चष्म्याचं दुकान इकडचं बरं आहे." एकदा "मावशीकडे डबा द्यायचा होता." डबा मी पाहिला नाही, मावशीही नाही.

अजून ऐक. हा कॉफी पीतच नाही. ऑफिसात सगळे मशिनची कॉफी प्यायचे तेव्हा हा एकटा खाली टपरीवर चहाला जायचा. आता वैशालीत बसून फिल्टर कॉफी मागवतो, दोन घोट घेतो आणि बाकीची निवत ठेवतो. मी एकदा म्हटलं, "चहा सांग ना." तर म्हणाला, "नको, कॉफीला आलोय ना आपण." म्हणजे कॉफी हे आमचं सरकारी कारण आहे, त्यात फेरफार चालत नाही.

माझ्या सगळ्यात जास्त लक्षात आलेली गोष्ट वेगळीच आहे. ऑफिसात तो मला "तुम्ही" म्हणायचा, वर "मॅडम". आता मेसेजमध्ये "पोचलीस का?" असं सरळ लिहितो. पण समोर बसला की ना तू, ना तुम्ही! "डोसा सांगायचा का?" "नवीन ऑफिस कसं काय?" "घरी जायला उशीर नाही ना होणार?" तासभर बोलतो आणि मला एकदाही कशानंच हाक मारत नाही. इतकी कसरत माणूस उगाच करेल का? मी त्याला पहिल्यापासून "तू"च म्हणते, त्यामुळे माझं काही अडत नाही, त्याचं प्रत्येक वाक्य मात्र कडेकडेनं चालतं.

बिलाचंही तसंच. एकदा तो देतो आणि म्हणतो, "पुढच्या वेळी बघू." मग पुढची वेळ आपोआप ठरते. मी दिलं की तो लगेच म्हणतो, "मग आता एक माझ्याकडे लागली." हिशेब कधी मिटूच द्यायचा नाही असा बेत दिसतो. पेरोलमध्ये मी जन्म घालवला, मला हे कळत नाही असं त्याला का वाटतं कोण जाणे.

आता तू म्हणशील, मग सरळ विचार की. पण विचारायचं काय? "ही डेट आहे का?" समजा तो म्हणाला, "अगं नाही, मैत्रीण म्हणून..." तर मी तोंडघशी पडणार, आणि तो म्हणाला "हो" तर मला काय हवंय ते मला तरी कुठे नक्की माहीत आहे? खरं सांगू, मला हे असं बरं वाटतंय. आई स्थळं आणते ना, त्या लोकांबरोबर पहिल्या वीस मिनिटांत पॅकेज, फ्लॅट, "पहिलं लग्न का मोडलं" सगळं टेबलावर मांडून होतं आणि उठताना जीव दमलेला असतो. अमोलबरोबर परवा आम्ही पाऊण तास फक्त त्याच्या सोसायटीच्या टँकरबद्दल बोललो. टँकरबद्दल, ताई! आणि मी घरी येताना हसत होते.

म्हणजे तक्रार नव्हती. मागच्या खेपेपर्यंत.

मागच्या खेपेला आम्ही बसलेलो असताना त्याच्या आईचा फोन आला. त्यानं माझ्यासमोरच उचलला आणि म्हणाला, "हो गं, जेवायला घरीच आहे. ऑफिसच्या लोकांबरोबर आहे जरा." लोकांबरोबर! मी एकटी बसलेय समोर, चटणीच्या वाटीत चमचा घालून. आणि ऑफिस तरी कुठलं? ते आम्ही दोघांनीही सोडलंय. फोन ठेवून तो माझ्याकडे बघायचं टाळत वेटर शोधायला लागला, कान लाल झाले होते. मला आधी हसू आलं, मग रिक्षात बसल्यावर राग आला, आणि घरी पोचेपर्यंत कळलं की राग आला म्हणजे मला फरक पडतोय. तोवर मी स्वतःला हेच सांगत होते की मला काही फरक पडत नाही.

त्याच्या बाजूनंही विचार केला मी. आईला काय सांगणार तो? एका घटस्फोटित बाईबरोबर बसलोय म्हणून? मी तरी आमच्या आईला काय सांगते, "मैत्रिणीकडे जातेय." तेव्हा त्या बाबतीत आम्ही फिट्टंफाट. पण तो आईपासून लपवतो ते एक वेळ ठीक, माझ्यापासूनही लपवतोय हे मला पटत नाही. किंवा स्वतःपासून लपवत असेल, ते तर अजूनच वाईट.

आज संध्याकाळी पुन्हा मेसेज आला: "शनिवारी डेक्कनला काम आहे. कॉफी?" मी बराच वेळ तसाच ठेवला. मग लिहिलं, "कॉफी नको. रात्री जेवायलाच जाऊ या." पाठवल्यावर फोन उशीखाली ठेवला, चाळीस वर्षांची होत आले तरी. तो लिहितोय असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. शेवटी उत्तर आलं: "चालेल! अजून कोण कोण आहे?"

मी अजून काही लिहिलेलं नाही. माझ्या मनात एवढंच आहे: "कोणी नाही. मुद्दामच." पाठवू का? की फार होतंय? तुझ्याकडे आता दुपार असेल, दोन ओळी लिही, मी जागी आहे.

तुझी,
मीनल

ता. क. मामीला यातलं एक अक्षर सांगू नकोस. तिला कळलं की अर्ध्या तासात आईला कळतं, आणि मग शनिवारी खरोखरच "अजून कोण कोण" येतील.