वरची वाडी नळपाणी योजना : अंदाजपत्रक (ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी)

ता. खानापूर, जि. बेळगाव. घरे ८४, माणसे ३९०. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर निकषाने रोज २१,४५० लिटर पाणी लागते. ओढ्याकाठची पंचायतीची विहीर मे महिन्यातही तळ दाखवत नाही, म्हणून नवा बोअर धरलेला नाही. टाकी माळावर जमिनीवरच बांधायची. उंची आयती मिळते, खांबांचा खर्च वाचतो.

साहित्य
पाणबुडी पंप ५ एचपी, स्टार्टर, केबल : ६८,००० रु.
विहीर ते टाकी ९० मिमी एचडीपीई पाइप, ६२० मी. × ३१० : १,९२,२००
गावातील ६३ मिमी पाइप, १,१५० मी. × १६० : १,८४,०००
२५,००० लिटर टाकीचे सिमेंट, सळई, वाळू, खडी : २,३५,०००
नळजोडण्या ८४ × १,१५० : ९६,६००
व्हॉल्व्ह ६ : २१,२००
एकूण ७,९७,००० रु.

मजुरी
चर खणणे, मऊ माती १,३७० मी. × ७० : ९५,९००
चर, जांभा ४०० मी. × १९० : ७६,०००
गवंडी व टाकीकाम : ८८,०००
पाइप जोडणी : ३८,०००
पंप व वायरिंग : १२,१००
एकूण ३,१०,००० रु.

जांभ्याचा दर बघून कोणी भुवया उंचावू नयेत. देवळामागच्या चढावर पहार दोन बोटेही आत जात नाही, ब्रेकर लावावाच लागेल. चर तीन फुटांपेक्षा उथळ नको, नाहीतर ऊस भरलेल्या ट्रॉल्या पाइप फोडतील. खणाई दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर बुजवायची. इथल्या पावसात उघडा चर म्हणजे ओढाच.

किरकोळ व दरवाढ ३३,००० धरून योजनेचा खर्च ११,४०,००० रु. वनभागातील गाव म्हणून लोकवर्गणी ५ टक्के, म्हणजे ५७,०००. घरटी ७०० घेतल्यास ५८,८०० जमतात. वरचे १,८०० देखभाल खात्यात जातील. ज्यांना रोख जमत नाही त्यांनी तेवढ्या मजुरीचे श्रमदान करावे, हजेरी समितीच्या वहीत लागेल.

देखभाल निधी (दरमहा)
हेस्कॉमचे करंट बिल, रोज तीन तास पंप : ३,०००
वॉटरमनचे मानधन : ४,०००
ब्लीचिंग पावडर : ३००
दुरुस्तीसाठी शिल्लक : १,१००
एकूण ८,४०० रु.

८४ घरांना भागले तर शंभर रुपये येतात, पण तो हिशेब कागदावरचाच. १४ घरांना कुलूप आहे, माणसे गोव्यात नाहीतर पुण्यात. म्हणून ७० घरे धरून घरटी १२० रु. ठेवले आहेत. कुलूपबंद घरांनी निम्मे, ६० रु. द्यावेत. ते आले तर थेट दुरुस्तीत जातील. मागच्या योजनेचा पंप जळला तेव्हा वाइंडिंगला पैसे नव्हते आणि बायकांना अख्खा उन्हाळा घागरी वाहाव्या लागल्या. दुरुस्तीच्या पैशाला दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही. खाते वेगळे, सह्या दोघांच्या, त्यांतली एक बचत गटातल्या बाईची.

तीन महिने पट्टी थकली तर नळ बंद. विधवा व एकट्या म्हाताऱ्या माणसांची पट्टी माफ करायची की निम्मी, हे सभेने ठरवावे, कारण त्यावर १२० चा आकडा बदलेल. पंचायतीला कानडी प्रत लागेल, ती पीडीओंकडे देण्याआधी आकडे या कागदाशी ताडून घ्यावेत.

— पाणी समिती, वरची वाडी