विषय : इयत्ता सहावी गणित कार्यपुस्तिका, प्रकरण ६ ‘विभाज्यता, मसावि आणि लसावि’ – कार्यपत्रिकांमधील चुका व सुचवलेल्या दुरुस्त्या

मा. संपादक, गणित विभाग यांस,

स. न. वि. वि.

आमच्या शाळेत सहावीच्या दोन्ही तुकड्यांना यंदा आपली कार्यपुस्तिका लावली आहे. प्रकरण ६ च्या चारही कार्यपत्रिका मुलांकडून सोडवून घेतल्या. तेव्हा सापडलेल्या चुका पान क्रमांकासह कळवत आहे. पान क्रमांक यंदाच्या जूनमधल्या पुनर्मुद्रणाचे आहेत. दोन चुका तातडीच्या आहेत म्हणून त्या आधी लिहिते.

पान ५२, कार्यपत्रिका ३, वरची चौकट. ६ ची कसोटी अशी छापली आहे : ‘संख्येतील अंकांच्या बेरजेला ६ ने भाग जात असेल, तर त्या संख्येला ६ ने भाग जातो.’ हा नियमच चुकीचा आहे. ३३ च्या अंकांची बेरीज ६ येते, पण ३३ ला ६ ने भाग जात नाही. उलट १२ च्या अंकांची बेरीज ३ येते, तरी १२ ला ६ ने भाग जातो. ही चूक इतके दिवस कोणाच्या लक्षात का आली नसेल, तेही त्याच पानावर दिसतं. खालच्या सरावात भाग जाणाऱ्या संख्या आहेत ४२, ६०, ८४, ११४ आणि न जाणाऱ्या २५, ४७, ७१. या सातही संख्यांना चुकीचा नियम बरोबर उत्तर देतो! वर्गात एका मुलीने स्वतःहून ३३ घेऊन पाहिलं, म्हणून विषय निघाला. नाहीतर मीही सराव तपासून पुढे गेले असते. चौकटीत असं हवं : ‘ज्या संख्येला २ आणि ३ या दोन्हींनी भाग जातो, त्या संख्येला ६ ने भाग जातो.’ सरावात ३३, १२ आणि ५१ या संख्या घालाव्यात, म्हणजे नुसती बेरीज करून सुटका होणार नाही.

पान ५७, कार्यपत्रिका ४, प्रश्न ७. ‘दोन संख्यांचा मसावि ८ व लसावि ६० आहे. एक संख्या २४ असल्यास दुसरी संख्या काढा.’ उत्तरसूचीत २० आहे आणि ८ × ६० ÷ २४ केलं की २० येतंही. पण अशा दोन संख्या असूच शकत नाहीत. मसाविने लसाविला नेहमी पूर्ण भाग जातो. ६० ला ८ ने जात नाही. २४ आणि २० चा खरा मसावि ४, लसावि १२०. दोन्हींचा गुणाकार ४८०, म्हणून सूत्रात घातल्यावर काहीच खटकत नाही. प्रश्नात ‘मसावि ४ व लसावि १२०’ एवढा बदल केला की उत्तरसूचीला हात लावावा लागणार नाही. जी मुलं उत्तराचा ताळा करून पाहतात त्यांचाच या प्रश्नात गोंधळ उडतो, आणि ताळा करा असं तर आम्हीच त्यांच्या मागे लागून सांगत असतो.

आता बाकीच्या चुका.

पान ४६, कार्यपत्रिका १. प्रश्न २ मध्ये ‘१८ चे सर्व विभाज्य लिहा’ असं आहे. उत्तरसूचीत १, २, ३, ६, ९, १८ दिले आहेत, म्हणजे प्रश्नात ‘विभाजक’ हवं. १८ चे विभाज्य लिहायला बसलं तर ते संपणारच नाहीत. त्याखालीच ३६ चे विभाजक लिहायला आठ चौकटी दिल्या आहेत आणि उत्तरसूचीतही आठच विभाजक आहेत, त्यात १८ राहिला आहे. ३६ ला नऊ विभाजक आहेत. वह्या तपासताना बऱ्याच जणांनी १८ लिहून खोडलेला दिसला. एकाने तो शेवटच्या चौकटीबाहेर समासात बारीक अक्षरात लिहिला होता आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. कृपया चौकट वाढवा. खरं तर इथे चौकटी मोजून देऊच नयेत, नुसती रेघ द्यावी. सगळे विभाजक मिळाले की नाही हे मुलांनीच ठरवायचं आहे ना?

पान ४९, कार्यपत्रिका २. इरॅटोस्थेनिसच्या चाळणीच्या सोडवलेल्या तक्त्यात १ आणि ९१ भोवती गोल आहेत. १ ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही; ९१ = ७ × १३. तक्त्याखाली ‘एकूण मूळ संख्या २७’ असं छापलं आहे, तिथे २५ हवं. हीच चूक पुढच्या प्रश्नातही गेली आहे. जोडमूळ संख्यांच्या दहा जोड्या दिल्या आहेत. त्यांतल्या (१, ३) आणि (८९, ९१) काढल्या की आठ उरतात, आणि तेवढ्याच बरोबर आहेत. याच पानावर ‘दोन सहमूळ संख्यांपैकी निदान एक मूळ संख्या असते’ हे विधान उत्तरसूचीने ‘बरोबर’ ठरवलं आहे. ते ‘चूक’ हवं. उदाहरण : ८ आणि ९.

पान ५३, प्रश्न ५. ‘५३_१ या संख्येला ३ ने भाग जाण्यासाठी चौकटीत योग्य अंक लिहा’ याचं उत्तर फक्त ३ दिलं आहे. ०, ३, ६, ९ हे चारही चालतात. ‘योग्य असलेले सर्व अंक लिहा’ असा बदल केल्यास हा प्रश्न या कार्यपत्रिकेतला सर्वांत चांगला प्रश्न होईल. प्रश्न ६ मध्ये ४७_२ ला ९ ने भाग जाण्यासाठी उत्तर ४ नव्हे, ५.

पान ५५, सोडवलेलं उदाहरण. ८४ = २ × ३ × ३ × ७ असं छापलं आहे; हा गुणाकार १२६ होतो. २ × २ × ३ × ७ हवं. शेवटी ८४ व ६० चा मसावि १२ दिला आहे, तो बरोबर आहे. पण छापलेल्या अवयवांवरून तो ६ येतो.

पान ५८, प्रश्न ९. सकाळी ८ वाजता दोन एसटी गाड्या एकाच वेळी सुटतात. पुढे एका मार्गावर दर ३० मिनिटांनी, दुसऱ्यावर दर ४५ मिनिटांनी गाडी आहे. पुन्हा एकाच वेळी कधी सुटतील? उत्तरसूचीत ८:१५, म्हणजे लसाविऐवजी मसावि घेतला गेला आहे. ८:१५ ला तर दोन्हीपैकी एकही गाडी सुटत नाही. लसावि ९० मिनिटे, उत्तर ९:३०. प्रश्न १० मध्ये फरशीची बाजू ‘६० मी.’ आहे, ती ‘६० सेमी’ करावी. ४२ फरश्या हे उत्तर बरोबर आहे.

कार्यपुस्तिकेतले शाब्दिक प्रश्न मला आवडतात, आणि पुढच्या वर्षीही हीच लावावी असं मी शाळेत सुचवणार आहे. पण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमची घटक चाचणी आहे आणि त्यात हे प्रकरण आहे. निदान पान ५२ आणि ५७ चं शुद्धिपत्र त्याआधी पीडीएफ स्वरूपात पाठवावं. मी छापून मुलांच्या प्रतींत चिकटवून घेईन. ज्या शाळांनी ही पुस्तिका घेतली आहे त्यांनाही ते विक्रेत्यांमार्फत पोहोचावं, कारण ६ ची कसोटी त्यांच्याकडेही याच महिन्यात शिकवली जात असेल. पुढच्या छपाईची प्रुफं पाठवलीत तर या प्रकरणाची मी तपासून देईन.

वरील पानांचे फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपली विश्वासू,
वैशाली कुलकर्णी
गणित शिक्षिका, इयत्ता सहावी
सांगली