आरओ सेडिमेंट + कार्बन इनलाइन कँडल जोडी, 11 इंची, 5 मायक्रॉन, नळाच्या आणि टँकर-बोअर मिक्स पाण्यासाठी

किंमत 549 रुपये (दोन्ही कँडल मिळून), डिलिव्हरी धरून
पाकिटात काय येतं: 1 सेडिमेंट कँडल, 1 कार्बन कँडल, पाव इंची पाइपचे 4 एल्बो, 1 मीटर पांढरा पाइप, टेफ्लॉन टेपचं 1 रीळ, तारीख लिहायचे 2 स्टिकर

ऑर्डर करायच्या आधी एवढं एक वाचाच, कारण आमच्याकडे परत येणारा जवळपास सगळा माल एकाच कारणाने येतो, साइज बघितलेली नसते. मशीनचं झाकण उघडा, आत क्लिपांमध्ये अडकवलेल्या लांबट पांढऱ्या नळ्या दिसतील, त्यातली एक पट्टीने मोजा. एल्बो सोडून लांबी साधारण 28 सेंटीमीटर म्हणजे 11 इंच, जाडी 2 इंच आणि दोन्ही टोकांना पाव इंची आट्यांचं भोक असेल तर ही जोडी बसते. मशीनवर नाव कुठल्याही कंपनीचं असू दे, माप जुळलं की कँडल जुळली.

कुठल्या मशीनला बसते
लोकल असेंबल केलेली सगळी उघड्या बॉडीची मशीनं, म्हणजे डॉल्फिन कॅबिनेट, अ‍ॅक्वा ग्रँड कॅबिनेट आणि ग्रँडसारखा पुढे पारदर्शक झाकण असलेला भिंतीवरचा आकार, ज्यात आत सेडिमेंट, कार्बन आणि मेम्ब्रेन वेगवेगळे दिसतात. मेम्ब्रेन 75, 80 किंवा 100 जीपीडी असला तरी या दोन कँडलना फरक पडत नाही. केंट ग्रँड आणि ग्रँड प्लसवाले पण घेतात, पण तुमचं मशीन कोणत्या वर्षीचं आहे त्यावर आतली मांडणी बदलू शकते म्हणून तिथेही आधी पट्टी लावा मग ऑर्डर करा. आणि मशीन कंपनीच्या वॉरंटीत असेल तर वॉरंटी संपेपर्यंत कंपनीचाच पार्ट घाला, उगाच 549 रुपयांसाठी वॉरंटी घालवू नका.

कुठे बसत नाही
प्युअरिटचं जर्मकिल किट किंवा टाटा स्वच्छचा बल्ब लागतो त्या बिनविजेच्या टाकीवाल्या मशीनना नाही. फिरवून किंवा क्लिक करून लागणाऱ्या बंद कार्ट्रिजवाल्या नव्या मशीनना नाही, मग ती कुठलीही असोत. नळाजवळ बाहेर लावलेल्या पारदर्शक भांड्यात जी 10 इंची पांढरी दोऱ्याची किंवा स्पनची कँडल असते ती पण ही नाही, ती वेगळी मिळते आणि ती तर आमच्या जोडीच्या आधी असलीच पाहिजे, खाली सांगतो का ते.

कुठल्या पाण्याला चालते
महापालिकेचं क्लोरीन टाकलेलं नळाचं पाणी, टँकरचं पाणी, आणि बोअर-नळ मिक्स, टीडीएस अंदाजे 1500 पर्यंत. टीडीएसचा हा आकडा पूर्ण मशीनसाठी आहे, म्हणजे मेम्ब्रेनसकट, कारण या दोन कँडल टीडीएस एका पॉइंटनेही कमी करत नाहीत. बरेच जण नवीन कँडल लावून मीटर बुडवतात आणि मला मेसेज करतात की दादा आकडा तेवढाच आहे, फसवलंत. आकडा तेवढाच राहणार, सेडिमेंट गाळ अडवतं, कार्बन क्लोरीन आणि वास ओढतं, क्षार काढणं हे मेम्ब्रेनचं काम. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस वाढत असेल तर ही जोडी घेऊन उपयोग नाही, मेम्ब्रेन तपासा.

आता पाणी कुठलं आहे त्यावर सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पुण्यात खडकवासल्याचं किंवा मुंबईत तानसा, भातसा, वैतरणाचं थेट नळाचं पाणी असेल तर ते मुळातच हलकं असतं, टीडीएस अगदी कमी. तिथे आरओची गरजच आहे का हे आधी विचारा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मध्ये टीडीएस 500 पर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलंय. 80-100 टीडीएसचं पाणी आरओमधून काढून तीन भाग नालीत सोडणं मला पटत नाही, मी कँडल विकतो तरी. अशा घरात यूव्ही किंवा यूएफ मशीन पुरतं, आणि त्यात इनलाइन कँडल असतील तर ही जोडी तिथेही लागते.

वाघोली, उंड्री, पिसोळीसारख्या भागात सोसायटीच्या टाकीत बोअर आणि टँकर दोन्ही पडतं, आठवड्यात पाण्याची चव दोनदा बदलते, ही जोडी खरी अशा घरांसाठीच आहे. तिथे गाळ जास्त येतो म्हणून बाहेरचं 10 इंची प्री-फिल्टर भांडं लावल्याशिवाय ही जोडी लावू नका, नाहीतर सेडिमेंट कँडल दोन महिन्यात चोक होईल.

अकोला, बुलढाणा, अमरावतीचा खारपाणपट्टा असेल, पूर्णा नदीच्या आजूबाजूचा, आणि बोअरचं पाणी खारट लागत असेल तर आधी टीडीएस मोजा. 1500 च्या वर असेल तर ही जोडी मशीन वाचवेल पण मेम्ब्रेन साधा पुरणार नाही, जास्त टीडीएसचा मेम्ब्रेन लागेल. तुमच्या भागात फ्लोराइड किंवा नायट्रेटचा त्रास असेल, यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत फ्लोराइड आहे, तर ते या कँडल काढत नाहीत, ते मेम्ब्रेनच काढतो, त्यामुळे मशीनमध्ये मेम्ब्रेन चालू आहे ना हे आधी बघा आणि पाणी लॅबमधून तपासून घ्या.

कोकणात जांभ्याच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बादलीत ठेवलं की लालसर पिवळं होत असेल तर त्यात लोह आहे. त्याला ही जोडी घेऊ नका, खरंच सांगतो. लोह कार्बनवर बसतं, पुढे मेम्ब्रेनवर बसतं, आणि तीन महिन्यात मशीन बंद. आधी लोह काढायचा वेगळा फिल्टर लावा, मग ही.

आणि एक, ही जोडी जंतू मारत नाही. उघड्या विहिरीचं, नदीचं, ओढ्याचं पाणी फक्त या कँडलमधून काढून प्यायचं नाही, पुढे आरओ किंवा यूव्ही पाहिजेच.

बदलायची कधी
साधं उत्तर, नळाचं पाणी असेल तर 6 महिने, टँकर-बोअर मिक्स असेल तर 4 महिने, किंवा 12,000 लिटर कच्चं पाणी, जे आधी होईल ते.

12,000 लिटर ऐकून लोकांना वाटतं की आमच्या घरी एवढं पाणी पितंय कोण. पण प्यायचं पाणी मोजायचं नाही, मशीनमध्ये जाणारं मोजायचं. साध्या आरओमध्ये 1 लिटर प्यायला मिळतं तेव्हा साधारण 3 लिटर वाया जातं, आणि ते चारही लिटर आधी या दोन कँडलमधून जातात. घरात दिवसाला 15 लिटर भरत असाल तर कँडलमधून 60 लिटर गेलं, 6 महिन्यात 10,800. पाहुणेरावळे असले, 20 लिटर लागलं तर दिवसाला 80, म्हणजे पाच महिन्यात 12,000 संपलं. म्हणून मोठ्या कुटुंबाने सहा महिन्यांची वाट बघू नये.

मशीन कमी वापरता म्हणून वर्षभर तीच कँडल ठेवणं पण बरोबर नाही. कार्बनने पाण्यातला क्लोरीन काढला की मग त्या ओल्या कार्बनमध्ये जंतू वाढायला अडवणारं काही उरत नाही. एकटा माणूस राहतो, दिवसाला 3 लिटर पितो, तरी 6 महिन्यांनी बदलायचीच. 15-20 दिवस गावाला जाऊन आलात तर पहिली एक टाकी पूर्ण सोडून द्या, झाडांना घाला.

सेडिमेंट संपल्याचं कळतं, टाकी भरायला वेळ लागायला लागतो, पंपाचा आवाज बदलतो. कार्बन संपल्याचं मात्र दिसत नाही आणि घोटाळा तिथेच होतो. माझ्या स्वतःच्या घरी तीन वर्षांपूर्वी हेच झालं, पाणी छान येत होतं, चव ठीक होती, म्हणून कार्बन दहा महिने ओढला, आणि दीड हजाराचा मेम्ब्रेन गेला, टीडीएस 40 वरून 190 वर. घरगुती आरओचा जो पातळ मेम्ब्रेन असतो त्याला क्लोरीन सहन होत नाही, क्लोरीन त्याचा थरच खातो आणि तो परत दुरुस्त होत नाही. हे समजल्यापासून मी दोन्ही कँडल जोडीनेच विकतो, सुटी सेडिमेंट मागू नका, लोक सेडिमेंट बदलतात आणि कार्बन तसाच ठेवतात.

तपासायचं असेल तर क्लोरीन टेस्टचे थेंब मिळतात. कार्बनच्या पुढचा पाइप काढून त्यातलं थोडं पाणी बाटलीत घ्या, थेंब टाका, पिवळं झालं तर कार्बन संपलाय. टीडीएस मीटर याच्यासाठी कामाचा नाही.

लावायची कशी
आरओवाला आला तर त्याला ही पानं दाखवा, स्वतः करत असाल तर पंधरा मिनिटांचं काम आहे. इनलेटचा नळ बंद, प्लग काढा, जुन्या कँडलचा मोबाइलवर फोटो काढा कुठला पाइप कुठे ते कळायला. कँडलवर बाण छापलाय, पाणी बाणाच्या दिशेने गेलं पाहिजे, उलटी लावली तर गाळ आणि कोळशाची पूड पुढे जाते. आधी सेडिमेंट, मग कार्बन. आट्यांवर टेपचे पाच-सहा फेरे, एल्बो हाताने घट्ट, पान्याने जोर लावू नका, प्लास्टिक चिरतं आणि रात्री ओट्यावर पाणी होतं.

सगळ्यात महत्त्वाचं, कार्बनचं पुढचं टोक मेम्ब्रेनकडे जोडायच्या आधी बादलीत सोडा आणि 8-10 मिनिटं पाणी वाहू द्या. पहिलं पाणी काळं येतं, तो कोळशाचा बारीक भुसा आहे, स्वच्छ येईपर्यंत थांबा. ही पायरी वगळली की भुसा मेम्ब्रेनवर जातो आणि लोक म्हणतात माल खराब. नंतर जोडा, पहिली टाकी फेकून द्या, स्टिकरवर आजची तारीख लिहून झाकणाच्या आत चिकटवा.

धुवून परत वापरायची नाही. काही जण कँडल उलटी करून धुतात, दोन दिवस बरं वाटतं, मग अडकलेला गाळ सुटून पुढे जातो. गरम पाणी सोडायचं नाही, गीझरच्या लाइनला जोडायचं नाही.

परत घेणं
प्लास्टिकचं सील फोडलं नसेल तर 10 दिवसांत परत घेतो, येण्याजाण्याचा खर्च आमचा. सील फोडून पाणी सोडलेली कँडल परत घेता येत नाही, पण आट्यांतून गळत असेल किंवा बॉडी चिरलेली आली असेल तर व्हिडिओ पाठवा, नवीन पाठवतो, जुनी परत मागत नाही. मापाची शंका असेल तर ऑर्डर करू नका, आधी मशीनच्या आतला फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा आणि चॅटवर टाका, दुपारी 12 ते रात्री 8 मी स्वतः बघतो आणि बसेल की नाही ते सांगतो. सोबत पाण्याचा टीडीएस आणि पाणी नळाचं आहे की बोअरचं एवढं लिहिलंत तर जास्त बरं.